विरोधी विद्युत् चालक प्रेरणा

एकदिश (डीसी) मोटारीचे आर्मेचर चुंबकीय क्षेत्रात फिरू लागले की त्याच्या गुंडाळीत पुरवठ्याच्या विरुद्ध दिशेने निर्माण होणारा विद्युत् दाब. कारखान्यांत व आयटीआयमध्ये यालाच ‘बॅक ईएमएफ’ म्हणतात. कार्बन ब्रशच्या मोटारीत आर्मेचरचा प्रवाह वेग वाढेल तसा आपोआप कमी होतो, तो या दाबामुळे. प्रस्तुत नोंदीत उदाहरणासाठी विदर्भातील कपाशी-सोयाबीनच्या वावरात वापरला जाणारा पाठीवरचा चार्जिंगचा फवारणी पंप घेतला आहे. या पंपांत सामान्यतः १२ व्होल्टची बॅटरी आणि पडद्याचा (डायफ्रॅम) पंप चालवणारी कायम चुंबकाची छोटी मोटार असते.

कल्पनेचा उगम : या कल्पनेचे श्रेय कोणाला द्यावे याबाबत एकमत नाही. हाइन्रिख लेंत्स यांनी १८३३ च्या अखेरीस सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीपुढे मांडलेला व १८३४ मध्ये प्रसिद्ध झालेला नियम असा, की प्रवर्तित प्रवाह ज्या हालचालीमुळे उत्पन्न होतो तिलाच विरोध करतो. तत्त्व म्हणून विरोधी दाब या नियमात येऊनच जातो. मात्र चालत्या मोटारीत त्याचा परिणाम पाहून हिशोब मांडण्याचे काम मोरिट्झ याकोबी यांच्याकडे जाते. त्यांनी १८३४ मध्ये फिरती मोटार बनवली आणि १८३८ च्या सुमारास नेवा नदीत विजेवर नाव चालवून दाखवली. तत्त्व लेंत्स यांचे व मोटारीतील उपयोजन याकोबी यांचे, ही विभागणी अधिक सयुक्तिक वाटते.

याकोबींच्या निष्कर्षातून एक गैरसमज मात्र बराच काळ टिकला. विरोधी दाब पुरवठ्याच्या निम्मा असताना मोटार सर्वाधिक यांत्रिक शक्ती देते, हे खरे. त्यावरून मोटारीची कार्यक्षमताही निम्म्यापलीकडे जाऊ शकत नाही असा अर्थ काढला गेला, तो चुकीचा होता. सर्वाधिक शक्तीचा वेग आणि काटकसरीचा वेग वेगवेगळे असतात. पुढील उदाहरणात हा फरक आकड्यांत दिसतो.

प्रवाहावरील मर्यादा : पुरवठ्याच्या दाबातून विरोधी दाब वजा करून उरतो तेवढाच दाब गुंडाळीच्या रोधातून प्रवाह ढकलतो.

```
I = (V − E) / R
```

येथे V हा पुरवठ्याचा दाब, E विरोधी दाब आणि R हा आर्मेचर व ब्रश मिळून होणारा रोध. चुंबक तोच असेपर्यंत E वेगाच्या प्रमाणात वाढतो, तर मोटारीचे पीळबल प्रवाहाच्या प्रमाणात असते.

समजा, पंपाच्या मोटारीचा रोध ०.८ ओहम आहे आणि भरल्या टाकीवर फवारणी चालू असताना ती मिनिटाला ३,००० फेरे घेत २.५ अँपिअर ओढते. रोधात २ व्होल्ट खर्च होतात, म्हणजे विरोधी दाब १० व्होल्ट. थोडक्यात, दर ३०० फेऱ्यांमागे १ व्होल्ट. बटण दाबले त्या क्षणी आर्मेचर स्थिर असते, विरोधी दाब शून्य, आणि प्रवाह १२ भागिले ०.८ म्हणजे १५ अँपिअर. नेहमीच्या सहापट प्रवाह असल्याने पीळही सहापट मिळतो व आर्मेचर चटकन वेग घेते. १,५०० फेऱ्यांना विरोधी दाब ५ व्होल्ट होऊन प्रवाह ८.७५ अँपिअरवर येतो. पंपाला लागणाऱ्या पिळाएवढाच प्रवाह उरला की वेग स्थिरावतो. हे सारे क्षणार्धात होते, म्हणूनच ५ अँपिअरचा फ्यूज सुरुवातीचा झटका सहसा सहन करतो.

स्थिर वेगाला बॅटरी ३० वॅट देते. त्यातले ५ वॅट गुंडाळीत उष्णता होतात व २५ वॅट फिरण्याच्या कामी लागतात. हीच मोटार ओझे वाढवून १,८०० फेऱ्यांवर आणली, तर विरोधी दाब ६ व्होल्ट व प्रवाह ७.५ अँपिअर होईल. तेव्हा काम ४५ वॅट मिळेल, पण उष्णताही ४५ वॅट होईल. याकोबींचा निम्म्याचा नियम तो हाच. पंपाचे छोटे आर्मेचर असा ताप फार वेळ सोसू शकत नाही.

मोठ्या मोटारीत सुरुवातीचा प्रवाह असा सोडून देता येत नाही. २२० व्होल्ट व ०.५ ओहमची मोटार थेट जोडली तर पहिल्या क्षणी ४४० अँपिअर मागेल. म्हणून आर्मेचरच्या वाटेत स्टार्टरचे रोध घालतात आणि वेग येईल तसे ते टप्प्याटप्प्याने काढतात.

मोजणी : मोटार पंपापासून सोडवून तिचा दांडा ड्रिल मशिनच्या चकमध्ये धरावा आणि दोन्ही वायरी मल्टिमीटरला लावाव्यात. १,५०० फेऱ्यांना वरील मोटार ५ व्होल्टच्या आसपास दाखवते. तो तिचा विरोधी दाबच होय. मीटर नसला तरी परिणाम हाताला कळतो. वायरी मोकळ्या असताना दांडा चिमटीत सहज फिरतो, त्याच वायरींची टोके एकमेकांना टेकवली की तो जड होतो.

रोध मल्टिमीटरच्या ओहम पट्टीवर मोजू नये, कारण ब्रशच्या स्पर्शामुळे आकडा दर वेळी बदलतो. दांडा पकडीत घट्ट धरावा, मोटारसायकलचा १२ व्होल्ट ३५ वॅटचा हेडलाइट बल्ब जोडीला मालिकेत घ्यावा आणि मोटारीच्या टोकांवरील दाबाला प्रवाहाने भागावे. वरील मोटारीला सुमारे २ व्होल्ट व २.५ अँपिअर येतील. दांडा थोडाथोडा फिरवून तीन-चार वाचने घ्यावीत.

जाम मोटार : पाण्यात मिसळायच्या भुकटीचे औषध फवारून पंप न धुता ठेवला, की गाळ झडपांत व पडद्याखाली वाळतो. पुढच्या फवारणीला मोटार अडकते. विरोधी दाब निर्माणच होत नाही, प्रवाह १५ अँपिअरवर टिकून राहतो आणि ५ वॅटच्या जागी १८० वॅट उष्णता होते. बॅटरीचा दाब खचल्याने प्रत्यक्षात थोडी कमी. दाबस्विच येथे कामी येत नाही. नोझल चोंदून पाण्याचा दाब वाढला तर तो मोटार बंद करतो, पण अडकलेल्या पंपात दाबच चढत नाही. राहतो तो फ्यूज. त्याच्या जागी तांब्याची तार गुंडाळली असेल तर मिनिटभरात मोटारीचे अंग तापते, वार्निशचा जळका वास येतो आणि कॉम्युटेटरच्या ब्रशखालच्या पट्ट्याच काळ्या पडतात, कारण आर्मेचर न फिरल्याने सगळा प्रवाह त्यांतूनच जातो. अशा वेळी मल्टिमीटरच्या १० अँपिअर पट्टीवर प्रवाह मोजायला गेल्यास मीटरचा फ्यूज उडतो. डीसी क्लॅम्प मीटर वापरावा.

याउलट बॅटरीच्या टोकांवर पांढरी बुरशी चढून १.२ ओहमचा जादा रोध आला, तर पंपाला लागणारा पीळ तोच धरल्यास प्रवाह २.५ अँपिअरच राहतो, पण विरोधी दाबासाठी ७ व्होल्टच उरतात व वेग २,१०० फेऱ्यांवर येतो. फवारा ढिला पडतो, मोटार मात्र गरम होत नाही. या दोन बिघाडांतला फरक हात लावूनच कळतो.

वारंवार जास्त प्रवाह व ताप सोसून फेराइट चुंबक कमजोर झाला, तर तितकाच विरोधी दाब देण्यासाठी आर्मेचरला जास्त फिरावे लागते. अशी मोटार रिकामी असताना पूर्वीपेक्षा वेगाने पळते, ओझ्याखाली मात्र प्रवाह अधिक ओढते व ओझे फार जड झाले की लवकर बसते. ड्रिलवर तिचा दाब ५ ऐवजी ४ व्होल्ट भरला, तर आर्मेचर पुन्हा गुंडाळून उपयोग होत नाही.