पार्श्वभूमी: चिठ्ठीवरचा 'ओडी'

डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची लघुरूपं लॅटिनमधून आली. पाश्चात्त्य वैद्यकाबरोबर ती आपल्याकडेही रुळली. लिहिणारा डॉक्टर आणि वाचणारा औषधवाला या दोघांपुरती ती सोयीची होती. पेशंटने ती वाचावीत अशी अपेक्षा नव्हती. पुढे '1-0-1' ही सकाळ-दुपार-रात्रीची खूण आली आणि बरंच सोपं झालं, पण 'ओडी' काही गेला नाही.

खरा गुंता याच शब्दाचा. गोळीपुढे 'ओडी' म्हणजे दिवसातून एकदा. डोळ्यांच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीत 'ओडी' म्हणजे उजवा डोळा. आणि गोळीच्या नावालाच 'ओडी' जोडलेलं असलं, तर ती बहुधा हळूहळू विरघळणारी असते. विचारल्याशिवाय तोडू किंवा चुरू नये.

2004 मध्ये अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या संस्थेने 'दिवसातून एकदा'साठीचं तिथलं लघुरूपच बंद केलं. आपल्याकडे 2016 मध्ये औषधाचं जेनेरिक नाव सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या लिपीत लिहिण्याचा नियम झाला. नाव वाचता आलं तरी ते कधी घ्यायचं हे कळत नसेल, तर अर्धंच काम झालं.

सदाशिव पेठेत एकट्या राहणाऱ्या 78 वर्षांच्या आजींचं उदाहरण घेऊ. चिठ्ठीत बीपीची गोळी अॅम्लोडिपिन 5, 'ओडी'. खाली काचबिंदूसाठी टिमोलॉलचे थेंब, 'ओडी बीडी', म्हणजे उजवा डोळा, दिवसातून दोनदा. वरचा 'ओडी' म्हणजे 'दिवसातून एकदा' हे समजलं की खालचाही तसाच वाचला जातो. मग थेंब एकदाच पडतात, आणि डोळा कोणता ते चिठ्ठीत असूनही कळत नाही. काचबिंदूत डोळ्यातला दाब वाढला तरी बहुधा दुखत नाही, त्यामुळे चूक महिनोन्महिने लपते.

म्हणून आजींना मदत करणाऱ्याने आधी दवाखान्यात फोन करून अर्थ पक्का करावा, अंदाजाने काही लिहू नये. मग औषधवार नाही, वेळेवार कागद करावा: 'सकाळी 8: बीपीची गोळी 1. उजवा डोळा, 1 थेंब. रात्री 8: उजवा डोळा, 1 थेंब.' थेंब टाकल्यावर डोळा मिटून नाकाकडचा कोपरा दोन मिनिटं दाबून धरायला दाखवावं. टिमोलॉल रक्तात गेलं तर नाडी मंदावते, दमाही बळावू शकतो. आजींना दमा असेल, तर हे फोनवरच सांगावं.

'कळलं ना?' विचारलं तर आजी 'हो' म्हणणारच. त्यापेक्षा 'आता रात्रीचे आठ वाजलेत, काय कराल?' असं विचारून बाटली हातात द्यावी. गोळ्यांचा हिशोब पट्टीवरून लागतो: दहाची पट्टी फोडल्याची तारीख मागे लिहिली, की अकराव्या दिवशी ती रिकामी हवी. सहाव्या दिवशीच रिकामी दिसली, तर 'ओडी'चं 'बीडी' झालंय.