जुने मशीन विकले? ते पैसे विक्रीखात्यात टाकू नका

मार्चअखेरीस आमच्याकडे हिशेब येतात, तेव्हा एक नोंद हमखास चुकलेली असते. जुने मशीन विकून आलेले पैसे ‘विक्री’मध्ये धरलेले असतात. पैसे त्याच करंट खात्यात आले, बिलही त्याच बुकातले, मग वेगळे काय, असे वाटणे साहजिक आहे. पण आयकराच्या दृष्टीने ही जमा वेगळ्या जातीची.

डिचोलीकडची एखादी काजू फॅक्टरी घ्या. ती काजूगर विकते, ही महसुली जमा. गर काढल्यावर उरलेली टरफले तेल काढणाऱ्यांना विकते, तीही महसुली जमाच, कारण टरफले धंद्यातूनच रोज निघतात. पण ज्या बॉयलरवर काजू वाफवले जातात तो जुना झाला म्हणून विकला, तर ती भांडवली जमा. बॉयलर विकणे हा फॅक्टरीचा धंदा नव्हे; तो धंदा करण्याचे साधन होता. तोच बॉयलर घेऊन जाणारा भंगारवाला जेव्हा पुढे विकेल, तेव्हा त्याच्या वहीत मात्र ती साधी विक्री असेल. वस्तू कोणती यापेक्षा ती कोणाकडे कशासाठी होती, हे पाहिले जाते.

आता आकडे. फॅक्टरी भागीदारी फर्मची आहे. बॉयलर ४ लाखांना घेतला होता, तो १,५०,००० रुपयांना गेला. मालक म्हणतात, अडीच लाखांचा तोटा झाला. अकाउंटंट म्हणतो, दीड लाख उत्पन्न वाढले. दोघांचेही बरोबर नाही. आयकरात एकेका मशीनचा नफा-तोटा काढत नाहीत. एकाच दराने घसारा मिळणारी सगळी यंत्रे एका गटात धरतात. त्याला ब्लॉक म्हणतात. साधारण यंत्रांच्या ब्लॉकवर दर १५ टक्के आहे. विक्रीची रक्कम या ब्लॉकमधून वजा होते.

समजा १ एप्रिलला ब्लॉकची शिल्लक ६ लाख होती. दीड लाख वजा जाता ४,५०,००० उरले. त्यावर घसारा ६७,५००. बॉयलर विकला नसता तर ९०,००० मिळाला असता. म्हणजे यंदा करपात्र उत्पन्न फक्त २२,५०० रुपयांनी वाढले, दीड लाखांनी नाही. पुढच्या वर्षी याच कारणाने घसारा १९,१२५ रुपयांनी कमी मिळेल, आणि असेच पुढे. कर माफ झालेला नाही, तो हळूहळू येतो. विक्रीत नोंद केली असती, तर ३० टक्के आणि सेस धरून यंदाच ४६,८०० रुपये भरावे लागले असते.

ब्लॉक लहान असेल तर चित्र बदलते. शिल्लक फक्त १ लाख असताना मशीन दीड लाखाला गेले, तर वरचे ५०,००० हा भांडवली नफा, आणि तोही अल्पकालीन, मशीन दहा वर्षे वापरलेले असले तरी! त्या वर्षी घसारा शून्य. मात्र ३१ मार्चपूर्वी त्याच ब्लॉकमध्ये बसणारे नवे मशीन घेतले, तर त्याची किंमत शिल्लकीत मिळते आणि हा नफा उरत नाही. म्हणून विकायच्या आधी फोन करा. एप्रिल उजाडल्यावर आमच्याही हाती काही राहत नाही. उलट बाजूने, ब्लॉकमधली सगळीच यंत्रे विकली आणि तरी शिल्लक उरली, तर तो अल्पकालीन भांडवली तोटा. त्यावर पुढे घसारा मिळत नाही.

जीएसटी हा सगळा भेद मानत नाही. मशीन घेताना इनपुट क्रेडिट घेतले असेल, तर विकताना कर लागतोच. घेतलेल्या क्रेडिटमधून दर तिमाहीला, अर्धवट तिमाही धरून, ५ टक्के कमी करत जायचे. जे उरेल ते, किंवा विक्रीच्या किमतीवरचा कर, यांतली मोठी रक्कम भरायची. पाच वर्षे उलटली की पहिला आकडा शून्य होतो, मग १८ टक्क्यांनी दीड लाखावर २७,००० रुपये. हे बिल जीएसटीआर-१ मध्ये जाते, पण आयकराच्या विक्रीत जात नाही. त्यामुळे दोन्हीकडची उलाढाल बरोबर दीड लाखाने जुळत नाही, आणि नोटीस आली तर बहुधा त्याच फरकाबद्दल येते. तेवढा जुळवणीचा तक्ता आम्ही करून ठेवतो.

त्यासाठी मशीनचे मूळ खरेदी बिल, विक्रीचे बिल आणि पैसे जमा झाल्याची बँकेतली नोंद पाठवा. वहीत नोंद ‘यंत्रसामग्री’ खात्यातच करा. मूळ बिल सापडत नसेल तर ते कोणत्या वर्षी घेतले एवढे कळवा, जुन्या घसारा तक्त्यातून आम्ही शोधून काढू.