बुवाऽऽ… कुक! बाळ नेमकं कशाला हसतं?

चवथीच्या दिवसांत गोव्यातल्या कुठल्याही मूळ घरी हे दृश्य दिसतं. माटोळीसमोर चटईवर आठेक महिन्यांचं बाळ बसलेलं असतं. आई ओढणी तोंडावर घेते, ‘बुवाऽऽ’ म्हणते, ओढणी सारते आणि ‘कुक!’ बाळ खदखदून हसतं. मग वर्षातून एकदाच येणारा मुंबईचा काका पुढे सरकतो. तीच ओढणी, तेच शब्द, पण बाळ ओठ काढून रडायला लागतं. काका वरमतो, आणि आजी त्याला समजावते, ‘अजून तुझी ओळख नाही रे त्याला.’ आजीला हे सहज कळतं. अभ्यासकांना मात्र या हसण्याचं कोडं उलगडायला जवळपास शतक लागलं, आणि वाटेत त्यांनी एक चुकीचं उत्तर बराच काळ बरोबर मानलं.

सुरुवात चार्ल्स डार्विनपासून करता येते. 1839 च्या डिसेंबरात जन्मलेल्या आपल्या थोरल्या मुलाच्या वाढीची त्याने डायरी ठेवली होती. ती 37 वर्षं पडून राहिली आणि 1877 मध्ये ‘माइंड’ या नियतकालिकात लेखरूपाने आली. पहिलं खरं हसू 45 व्या दिवशी दिसलं, अशी नोंद त्यात आहे. 110 व्या दिवशी मुलाच्या तोंडावर कापड टाकून झटकन काढलं की त्याला भारी मजा वाटायची. डार्विनने स्वतःचं तोंड अचानक उघडं करून जवळ नेलं तरीही तसंच. मुलाच्या गळ्यातून तेव्हा हसण्याचा अर्धवट आवाज यायचा. डार्विनने कारण दिलं ते आश्चर्याचं, आणि मोठ्यांच्या विनोदातही बऱ्याच अंशी तेच असतं अशी पुस्तीही जोडली.

पुढे फ्रॉइडने 1920 मध्ये आपल्या दीड वर्षाच्या नातवाचा खेळ लिहून ठेवला. दोरी बांधलेलं लाकडी रीळ तो पलंगाच्या कडेपलीकडे फेकायचा आणि परत ओढून घ्यायचा. आई जाते आणि येते, हे मूल खेळातून आपल्या ताब्यात घेत आहे, असा फ्रॉइडचा अर्थ. पण बुवा-कुकवर खरी छाप पडली ती स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजेची. साधारण आठ महिन्यांपर्यंत बाळ झाकलेली वस्तू शोधत नाही, असं त्याने आपल्याच मुलांवर पाहिलं. खुळखुळा समोर असताना हात पुढे येतो, त्यावर फडका टाकला की हात मागे जातो. यावरून त्याने निष्कर्ष काढला, की या वयात डोळ्याआड ते अस्तित्वाआड. मग बुवा-कुकचं स्पष्टीकरण आपोआप तयार झालं: आई नाहीशी होते, पुन्हा शून्यातून उगवते, म्हणून बाळ चकित होऊन हसतं. पालकांसाठीच्या लेखांत हे वाक्य आजही सापडतं.

या स्पष्टीकरणाला दोन बाजूंनी तडे गेले. रेने बायार्जां यांनी 1980 च्या दशकात बाळाच्या हाताऐवजी नजरेवर भरोसा ठेवला. मागे ठोकळा लपलेला असताना पडदा त्यातून आरपार गेल्यासारखा दिसला, की साडेचार महिन्यांची, काही तर साडेतीन महिन्यांची बाळंही त्या अशक्य दृश्याकडे जास्त वेळ पाहत राहतात. वस्तू लपली तरी ती तिथं आहे याची काहीतरी जाण त्यांना असते. पियाजेच्या बाळांना अडचण असावी ती फडका दूर करून वस्तू काढण्याचा बेत आखण्याची. अशा नजरेच्या प्रयोगांतून किती अर्थ काढावा यावर वाद अजून आहेत, पण ‘डोळ्याआड ते अस्तित्वाआड’ इतकं सरळ ते नाही, हे नक्की.

दुसरा तडा थेट खेळातच पडला. 1989 मध्ये पॅरट आणि ग्लाइटमन यांनी सहा, सात आणि आठ महिन्यांच्या बाळांशी बुवा-कुक खेळताना मध्येच गंमत केली. लपलं एक माणूस आणि उगवलं दुसरं, किंवा तेच माणूस पण भलत्याच जागी. हसण्याचं मूळ निव्वळ आश्चर्यात असतं, तर अशा वेळी बाळांनी सगळ्यात जास्त हसायला हवं होतं. झालं उलट, हसू कमी झालं. बाळ मनात धरून बसलेलं असतं की आई इथूनच, आईच म्हणून, उगवणार आहे. कधी, एवढंच त्याला ठाऊक नसतं. तो अंदाज खरा ठरतो त्या क्षणी हसू फुटतं. आश्चर्य आहे, पण चिमूटभर आणि ओळखीच्या चौकटीत.

त्या चौकटीचं वर्णन जेरोम ब्रूनर आणि शेरवुड यांनी 1976 मध्येच केलं होतं. खेळाच्या चार पायऱ्या असतात: आधी नजरानजर, मग लपणं, मग उगवणं, आणि शेवटी पुन्हा नजरानजर. घराघरांत शब्द, कापड, वेळ बदलते, पण हा क्रम बदलत नाही. आपल्या खेळात ‘बुवाऽऽ’ हा लांबवलेला सूर आणि ‘कुक’ हा तुटक आवाज हेच काम करतात. पहिला वाट पाहायला लावतो, दुसरा ती संपवतो. जपानी आया ‘इनाई इनाई… बा!’ म्हणतात, त्यातही लांब आणि मग तुटक हीच चाल आहे.

आता खेळ फसतो कुठे ते सांगता येईल. बहुतेक लोक पहिली पायरीच गाळतात. बाळ दुसरीकडे पाहत असताना कापड तोंडावर घेतलं, तर त्याच्या दृष्टीने काही लपलेलंच नसतं आणि ‘कुक’ हा नुसता कर्कश आवाज उरतो. आधी डोळ्याला डोळा मिळू द्यावा, मग एक-दोन सेकंदच लपावं. तीन-चार फेऱ्या अगदी एकसारख्या कराव्यात, म्हणजे बाळाचा अंदाज बसतो, आणि मग एखादीच फेरी थोडी लांबवावी. पहिल्या फेरीपासूनच वेळ बदलत राहिलं तर धरायला अंदाजच नसतो. तीन-चार महिन्यांच्या बाळाशी आपलंच तोंड झाकावं. त्याचं झाकायचंच तर पातळ मलमल क्षणभर टाकून स्वतःच्या हाताने काढावी, कारण ते बाळ फडका दूर करू शकेल याचा भरवसा नसतो. वर्षाच्या आसपास मूल स्वतः लपायला लागतं, तेव्हा खेळाचा ताबा त्याला द्यावा. बाळाने मान वळवली, पाठ ताणली, बोटं फाकली किंवा उचकी लागली, तर पुरे झालं असं समजावं. पुष्कळ जण नेमकं याच वेळी आवाज चढवतात आणि हसू रडण्यात उलटतं.

काकाचं काय चुकलं? खरं तर काहीच नाही. स्रूफ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1970 च्या दशकात मुखवटे लावून हे तपासलं. आईने बाळासमोर मुखवटा चढवला की बहुतेक बाळं हसतात. तोच मुखवटा अनोळखी माणसाने लावला, की दहा महिन्यांच्या आसपासची बाळं बिचकतात, रडतात. मुखवटा तोच, धक्काही तेवढाच. हसू की रडू हे ठरवते ती त्यामागची सुरक्षितता. पेडण्याकडे दशावताराला लहान मूल घेऊन गेलेल्यांनी हा प्रयोग फुकट पाहिलेला असतो. काळा वेश आणि लोंबती लाल जीभ घेऊन संकासूर आला की दीड वर्षाचं पोर आईच्या खांद्यात तोंड लपवतं, आणि शेजारचा सात वर्षांचा भाऊ त्याच संकासुराला हसून लोळतो. काकाने आईच्या मांडीशेजारी बसावं, दहा मिनिटं काहीच करू नये, मग आईची ओढणी वापरावी. तरी रडलं तर पुढची चवथ आहेच.

विनोद पुढे बदलत जातो तो याच धाग्यावर: मूल मनात काय धरू शकतं, त्यावर काय मोडलं म्हणजे हसू येईल हे ठरतं. आठ-नऊ महिन्यांचं बाळ खेळणं पुढे करतं आणि आपण हात नेला की मागे घेतं. वासुदेवी रेड्डी यांनी अशा खोड्यांच्या नोंदी केल्या आणि बाळाला समोरच्याच्या अपेक्षेची चाहूल असते, हे दाखवलं. दुसऱ्या वर्षात वाटी डोक्यावर टोपीसारखी घालणं हा मोठा विनोद असतो, कारण वाटी कशासाठी हे आता पक्कं झालेलं असतं. मग चुकीची नावं येतात, मांजराला ‘काका’ म्हणणं वगैरे. तिसऱ्या वर्षानंतर भुंकणारी गाय. पॉल मॅकगी यांनी 1979 मध्ये मांडलेला हा क्रम मोटामोटी टिकून आहे, वयं मात्र मुलागणिक मागेपुढे होतात. चार-पाच वर्षांच्या शी-शूच्या विनोदांबद्दल फार लिहायला नको. ते घरोघरी असतात आणि रागावलं की वाढतात.

खरं वळण सात-आठ वर्षांच्या आसपास येतं, आणि गोव्यातल्या दुभाषी घरांत ते फार स्वच्छ दिसतं. एक विनोद घ्या. फोंड्याची मुलगी पुण्याच्या मावशीकडे जेवायला बसते. मावशी विचारते, ‘काय वाढू?’ मुलगी म्हणते, ‘नुस्तें!’ मावशी नुसता भात वाढते. कोंकणीत नुस्तें म्हणजे मासे, मराठीत नुसतं म्हणजे दुसरं काही नाही असं. पाच वर्षांच्या मुलाला हा विनोद सांगितला तर ते हसतं, पण ताटात मासा नाही म्हणून किंवा आपण हसतो म्हणून. ‘का हसलास?’ विचारलं की म्हणतं, ‘मावशीने चूक केली.’ मग तेच विनोद सांगू लागतं आणि शेवट करतं, ‘मावशीने दगड वाढला!’ विसंगती पकडली, दुवा सुटला. आठ वर्षांचं मूल मात्र दोन्ही अर्थ एकदम धरतं आणि मावशीचं कुठे बरोबर होतं तेही सांगू शकतं. त्याला विसंगती सुटलेली हवी असते, दगडाचा शेवट त्याला बाळबोध वाटतो. झिग्लर आणि सहकाऱ्यांनी 1960 च्या दशकात मुलांना व्यंगचित्रं दाखवून पाहिलं, तेव्हा मुलं सर्वांत जास्त हसली ती जेमतेम झेपणाऱ्या चित्रांना. अगदी सोपी आणि अगदी अवघड, दोन्ही मागे पडली. बाराव्या वर्षी नुस्तेंचा विनोद ऐकून मुलगा ‘शीऽऽ’ म्हणतो, ते यामुळेच.

किशोरवयात शब्दाच्या दोन अर्थांची जागा माणसाच्या दोन अर्थांनी घेतलेली असते: बोलला काय आणि मनात काय. आरतीत सूर सोडलेल्या भावाला चौदा वर्षांची बहीण ‘वा, जितेंद्र अभिषेकीच!’ म्हणते, तेव्हा सहा वर्षांच्या मुलाला ते कौतुक वाटू शकतं. थोडं मोठं मूल टोमणा ओळखतं, पण त्यातली मजा चाखायला आणखी वेळ जातो. याच वयात विनोद कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला बाहेर ठेवायचं याचं साधन बनतो. मित्रांमधल्या मीमवर आईबाबांनी हसू नये अशीच अपेक्षा असते. रॉड मार्टिन यांनी 2003 मध्ये विनोदाच्या चार शैली मांडल्या: माणसं जोडणारी, स्वतःला सावरणारी, दुसऱ्याला बोचणारी आणि स्वतःला कमी लेखणारी. मोठ्यांना बोचरी शैली लगेच खुपते. चौथी मात्र नम्रता म्हणून खपून जाते, आणि ती सतत वापरणाऱ्यांत उदासी जास्त आढळते. कशाने काय होतं हे यावरून सिद्ध होत नाही. पण मुलगा आपल्या शरीरावर किंवा मार्कांवर तोच विनोद पुन्हापुन्हा करत असेल, आणि सगळे हसत असताना तो स्वतः हसण्याऐवजी आपले चेहरे न्याहाळत असेल, तर आपण हसून साथ देऊ नये. नंतर एकटा असताना सरळ विचारावं.