माहिती अधिकाराचा अर्ज 'मोघम आहे' म्हणून परत येऊ नये यासाठी

माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 खाली भारताचा कोणताही नागरिक अर्ज करू शकतो. अर्ज स्वतःच्या नावाने करावा, मंडळाच्या किंवा संस्थेच्या लेटरहेडवर नको. महाराष्ट्रातल्या कार्यालयासाठी जोडपत्र 'अ' चा नमुना भरून त्यावर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. दारिद्र्यरेषेखालील असाल तर शुल्क नाही, पण दाखल्याची प्रत जोडावी लागते. माहिती कशासाठी हवी, हे सांगायची गरज नाही आणि सांगूही नये. (केंद्र सरकारच्या कार्यालयाला कोर्ट फी स्टॅम्प चालत नाही, तिथे पोस्टल ऑर्डर लावा.)

एवढे सगळे बहुतेकांना जमते. अर्ज अडतो तो 'आवश्यक असलेल्या माहितीचे वर्णन' या रकान्यात. जिल्हा परिषदेने गावात केलेला रस्ता वर्षभरात उखडला, असे समजा. अर्जदार लिहितो:

"आमच्या गावातील रस्त्यांच्या कामाची संपूर्ण माहिती द्यावी. रस्ता एवढ्या लवकर का खराब झाला व जबाबदार कोण, याचा खुलासा करावा."

यावर हमखास येणारे उत्तर म्हणजे 'मागणी मोघम आहे, सुस्पष्ट माहिती मागावी.' राग येतो, पण अर्जाने ती वाट स्वतःच करून दिलेली असते. 'संपूर्ण माहिती' म्हणजे कोणत्या रस्त्याची, कोणत्या वर्षाची, कोणते कागद, हे कळत नाही. आणि 'का' व 'जबाबदार कोण' हे प्रश्न आहेत. कायद्यात माहिती म्हणजे कार्यालयाकडे असलेले साहित्य: कागद, नोंदी, आदेश, अहवाल, नमुने. नसलेला खुलासा नव्याने तयार करून देण्याचे बंधन अधिकाऱ्यावर नाही. सर्वोच्च न्यायालयानेही 2011 मध्ये हेच स्पष्ट केले. म्हणून प्रश्न विचारू नका, ज्या कागदात त्याचे उत्तर असते तो कागद मागा.

रस्त्याच्या कामाचे कागद ठरलेले असतात. किती जाडीचा थर द्यायचा होता ते अंदाजपत्रकात सापडते, प्रत्यक्षात किती दिला म्हणून पैसे निघाले ते मोजमाप पुस्तिकेत. या दोन कागदांतला फरक हाच तुमच्या 'का'चा निम्मा जबाब. मग तोच अर्ज असा होतो:

"विषय: शाळा ते स्मशानभूमी रस्ता डांबरीकरण (नामफलकावरील कामाचे नाव व कार्यारंभ आदेश क्रमांक).
कालावधी: प्रशासकीय मान्यतेच्या दिनांकापासून अर्जाच्या दिनांकापर्यंत.
वर्णन: वरील कामाच्या पुढील अभिलेखांच्या साक्षांकित प्रती: 1) मंजूर अंदाजपत्रक, 2) कार्यारंभ आदेश, 3) मोजमाप पुस्तिकेतील या कामाची सर्व पाने, 4) अदा केलेली सर्व देयके, 5) गुणवत्ता चाचणी अहवाल, 6) काम पूर्णत्वाचा दाखला. यांपैकी जो अभिलेख उपलब्ध नाही, त्याबाबत तसे लेखी कळवावे."

शेवटचे वाक्य गाळू नका. ते नसेल तर चार कागद देऊन अर्ज निकाली काढला जातो आणि चाचणी अहवाल मुळात होता की नाही, हे कळतच नाही.

कालावधीत नुसते '2023-24' लिहिणेही फसवे असते. काम मार्चमध्ये संपते आणि अंतिम देयक पुढच्या आर्थिक वर्षात निघते. नेमके तेच देयक मग 'मागितलेल्या कालावधीत नाही' म्हणून सुटते.

महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय असावा आणि मागणी साधारणपणे 150 शब्दांत बसावी. रस्त्याबरोबर पाणी योजनाही घुसडली, तर तेवढ्यावरून अर्ज अडवता येतो. दोन अर्ज करा, दहा रुपयेच जास्त जातील.

कामाचे नाव किंवा क्रमांकच माहीत नसेल तर अंदाजाने लिहू नका. आधी अभिलेख पाहण्याची, म्हणजे निरीक्षणाची मागणी करा. पहिल्या तासाला शुल्क नाही. नस्ती चाळून हवी ती पाने टिपून घ्या आणि तेवढ्याच प्रती मागा. नस्ती जाडजूड असेल तेव्हाही हाच मार्ग बरा.

अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तरी तो नाकारता येत नाही. कलम 6(3) नुसार पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवावा लागतो. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का व तारखेसह पोच घ्या, कारण माहिती देण्याची 30 दिवसांची मुदत त्यावरूनच सिद्ध करता येते. प्रतींचे शुल्क, पानाला 2 रुपये, भरण्याचे पत्र आले की लगेच भरा. पत्र निघाल्यापासून पैसे भरेपर्यंतचे दिवस त्या मुदतीत धरत नाहीत.

एवढे करूनही 'मोघम' असाच शेरा आला, तर तो मिळाल्यापासून 30 दिवसांत त्याच कार्यालयाच्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे जोडपत्र 'ब' मध्ये अपील करा. त्यावर 20 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. अपिलात नाराजी लिहीत बसू नका. सहा कागदांची नावे पुन्हा लिहा आणि प्रत्येकापुढे 'मिळाले' किंवा 'मिळाले नाही' एवढेच नोंदवा.