गच्चीवरील माळवं : चित्रफितीची संहिता

गच्चीवर कुंड्या, बादल्या किंवा ग्रोबॅगमध्ये भाजीपाला कसा लावायचा, हे दाखवणाऱ्या चित्रफितीचा लिखित आराखडा. कागदाच्या डाव्या बाजूला दृश्य आणि उजव्या बाजूला निवेदन, अशी तिची मांडणी असते. पडद्यावर उमटणारे तक्ते आणि आकृत्या दृश्याच्याच रकान्यात लिहितात. भांड्याची निवड, मातीचे मिश्रण आणि पाण्याचे वेळापत्रक हे तिचे नेहमीचे तीन भाग.

बेळगाव जिल्ह्यात अशी संहिता लिहिताना पहिली अडचण येते ती ‘एक भाग माती’ या शब्दांपाशी. बेळगाव शहराच्या पश्चिमेला आणि खानापूरकडे तांबडी माती मिळते, तर अथणी, गोकाक, बैलहोंगलकडे काळी. तांबड्या मातीतून पाणी झटकन उतरते. काळी माती पाणी धरून ठेवते, ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसून भेगाळते. त्यामुळे एकच मिश्रण आणि पाण्याचा एकच तक्ता सगळीकडे चालत नाही. चांगल्या संहितेत मातीचा रंग पहिल्याच मिनिटात विचारलेला असतो. खत-माती देणारा बऱ्याचदा कन्नड बोलणारा असतो, म्हणून ‘केंपु मण्णु’ (तांबडी माती), ‘कप्पु मण्णु’ (काळी माती), ‘गोब्बर’ (खत) हे शब्द पडद्याच्या तळाला दिलेले उपयोगी पडतात.

भांड्यांचा भाग थोडक्यात उरकता येतो. मेथी, कोथिंबीर, पोकळा यांना वीतभर खोलीचा ट्रे पुरतो. टोमॅटो, वांगी, मिरचीला रंगाची रिकामी 20 लिटरची बादली किंवा 12 बाय 12 इंची ग्रोबॅग लागते. सिमेंटची पोती फुकट मिळतात, पण उन्हाने एका हंगामात विरतात आणि उचलताना तळ हातात येतो. बादलीला भोके तळाला न पाडता तळापासून बोटभर वर, बाजूला चार-पाच पाडावीत, म्हणजे स्लॅबला टेकून ती बुजत नाहीत. बादली विटांवर ठेवली की खाली ओल साचत नाही.

वजनाचा मुद्दा मात्र बहुतेक चित्रफिती गाळतात. भारतीय मानक आयएस 875 (भाग 2) नुसार माणसांची ये-जा असलेल्या गच्चीसाठी दर चौरस मीटरला 1.5 किलोन्यूटन, म्हणजे साधारण 150 किलो भार धरतात. ओल्या मिश्रणाची एक बादली 20 किलोच्या आसपास भरते. चौरस मीटरला चार ठेवल्या तर 80 किलो होतात, माणसाला फिरायला जागाही राहते. 200 लिटरचे पिंप आडवे कापून केलेला अर्धा भाग भरला की शंभर किलोच्या पुढे जातो आणि ते सगळे वजन पाव चौरस मीटरवर येते. असे पिंप स्लॅबच्या मध्यावर न ठेवता भिंतीच्या किंवा तुळईच्या वरच्या बाजूला ठेवलेले दाखवावे. जुन्या घराची गच्ची असेल तर आधी अभियंत्याला विचारावे.

मिश्रणाचे माप घमेल्याने दाखवावे, टक्क्यांत सांगू नये. तांबडी माती असेल तर दोन घमेली माती, एक घमेले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि एक घमेले भिजवलेले कोकोपीट. काळी असेल तर माती एकच घमेले. खत आणि कोकोपीट प्रत्येकी एक, शिवाय एक घमेले भाताचा तूस. खानापूर भाताचा पट्टा असल्याने तूस गिरणीवर सहज मिळतो. कोकोपीटची वीट पाण्यात फुलवून, पिळून, पाणी दोनदा बदलायचे, कारण तिच्यात मीठ असू शकते. बादलीमागे मूठ-दीड मूठ निंबोळी पेंड पुरे. शेणखत ताजे असेल तर ते तापते आणि त्यातून हुमणीही येते, म्हणून खताला शेणाचा वास येत असेल तर ते घेऊ नये. मिश्रण ओलसर करून आठ-दहा दिवस सावलीत झाकून ठेवायचे.

येथे जवळून घेतलेले एक दृश्य हवेच. मिश्रण मुठीत दाबायचे आणि मूठ उघडायची. गोळा टिकला आणि बोटाने टोचल्यावर फुटला तर मिश्रण बरोबर आहे. बोटाला चिकटून चकाकत राहिला तर चिकणमाती जास्त झाली. मूठ उघडताच सांडला तर खत-माती कमी पडली.

पाण्याचा तक्ता हा संहितेचा सर्वांत फसवा भाग. ‘रोज एक लिटर’ असे लिहिले की प्रेक्षक जुलैतही तेवढेच घालतो. त्याऐवजी तक्त्यात तीन ओळी पुरतात : उन्हाळा, पावसाळा, हिवाळा. प्रत्येक ओळीत आकड्याऐवजी कृती द्यावी. उन्हाळ्यात सकाळी पाणी, संध्याकाळी बोट खुपसून पाहणे. पावसाळ्यात पाणी बंद आणि बादलीखालची ताटली काढलेली. हिवाळ्यात वरचा बोटाचा दोन पेरांएवढा थर कोरडा झाला तरच पाणी. मे महिन्यातला वळीव फसवतो, कारण पाने ओली दिसतात पण पाणी तळापर्यंत जात नाही.

किती पाणी द्यायचे हे वजनकाट्यावर दाखवता येते. टोमॅटोच्या बादलीला पाणी घालून ते पूर्ण निथळले की काट्यावर ठेवा. समजा 20.5 किलो भरले आणि दुसऱ्या संध्याकाळी 19.1 किलो झाले. पाण्याचा एक लिटर म्हणजे एक किलो, तेव्हा त्या दिवशी झाडाने आणि उन्हाने मिळून 1.4 लिटर पाणी घेतले. तेवढेच परत द्यायचे. झाड वाढते, फळे धरतात, त्यामुळे पहिला आकडा दर पंधरवड्याला नव्याने मोजावा, नाहीतर फळांचे वजन पाणी समजून झाडाला कमी पाणी दिले जाते.

काळ्या मातीत याच काट्याने एक चूक पकडता येते. वाळलेल्या बादलीत एक लिटर ओतले आणि मिनिटाभरात 600 मिलिलिटर खालच्या परातीत उतरले, तर घालणारा म्हणतो, ‘खालून पाणी आलं, भिजली माती.’ काटा मात्र फक्त 400 ग्रॅम वाढ दाखवतो. आकसलेल्या मातीने बादलीच्या कडेला फट सोडलेली असते आणि पाणी मुळांना न भेटताच तिथून निसटते. संहितेत हा प्रसंग असा येतो :

दृश्य : बादलीच्या कडेची फट, जवळून. परातीत धार.
निवेदन : ‘बघा, पाणी कडेनंच गेलं. आता वरची माती बोटभर उकरा. झारीनं थोडंच घाला, दहा मिनिटं थांबा, परत घाला. तिसऱ्या वेळी धार बंद होते.’
दृश्य : काटा पुन्हा, आकडा स्पष्ट दिसेपर्यंत.

पावसाळ्यातल्या चित्रीकरणात खालची पाने पिवळी पडलेली दिसली की ‘पाणी जास्त झालं’ असे सांगून मोकळे होऊ नये. सततच्या पावसाने नत्र धुऊन गेले तरी तसेच होते. थोडी माती उकरून मूळ पाहावे. पांढरे असेल तर मूठभर गांडूळखत पुरते. तपकिरी, लिबलिबीत आणि कुजका वास येणारे असेल तर भोके बुजली आहेत, ती आधी सळईने मोकळी करावीत.