पाव चावला, गोड लागला, पण ग्लुकोज झालं का?

पाव दोन मिनिटं चघळायला लावला की पोरं म्हणतात, 'सर, गोड लागतोय!' आणि आपण लगेच फळ्यावर लिहितो, स्टार्चचं ग्लुकोज झालं. इथंच गडबड आहे. लाळेतलं अमायलेज स्टार्चची लांब साखळी मधेमधे तोडतं, त्यातून मुख्यतः माल्टोज निघतं, म्हणजे दोन ग्लुकोजची जोडी. ती जोडी फोडतात लहान आतड्याच्या भिंतीवरची एन्झाइम्स. शिवाय पावात आधीच थोडी साखर असते, म्हणून नुसत्या चवीवर विसंबू नका.

आता आयोडीन. मी पहिल्या वर्षी चावलेल्या पावाचा गोळाच परीक्षानळीत टाकला, तासभर सगळं काळंनिळंच राहिलं, कारण एवढ्या स्टार्चला तेवढीशी लाळ कुठून पुरणार! म्हणून नखाएवढा पाव १०० मिली पाण्यात उकळा, गाळा, गार करा. दोन नळ्यांत ५-५ मिली घ्या, एकीत १ मिली लाळ, दुसरीत उकळून गार केलेली लाळ. दोन्ही ३७ अंशाच्या पाण्यात ठेवा आणि दर मिनिटाला एकेक थेंब पांढऱ्या टाइलवर काढून त्यात आयोडीन टाका. थेट नळीत नको, त्यानं अमायलेजच्या कामात अडथळा येतो. लाळ ज्याची त्यानंच हाताळायची, आणि गव्हाचा त्रास असलेल्या मुलाला पाव चघळायला देऊ नका.

रंगाची गंमत मला फार आवडते. स्टार्चमधलं अमायलोज स्प्रिंगसारखं गुंडाळलेलं असतं, त्या पोकळीत आयोडीन जाऊन बसतं म्हणून निळा रंग. अमायलेज साखळी तोडत गेलं की स्प्रिंग आखूड होते, रंग जांभळट मग तांबूस होतो आणि शेवटी उरतो आयोडीनचा स्वतःचा पिवळा. म्हणजे निळा गेला याचा अर्थ लांब साखळ्या संपल्या एवढाच, साखर झाली हे त्यावरून कळत नाही. तापवल्यावरही निळा जातो आणि गार झाल्यावर परत येतो, हे पोरांना दाखवाच. बाय द वे, 'बत्तीस वेळा चावा' यातल्या बत्तीसला काही जादू नाही, घास नीट बारीक झाला म्हणजे झालं.

आतडं म्हणून डायलिसिस ट्यूबचा वीतभर तुकडा भिजवा, स्टार्च आणि लाळ भरून दोन्ही टोकं घट्ट बांधा, बाहेरून नळाखाली धुवा (हे विसरलात तर सांडलेला स्टार्च बाहेर निळा दिसेल), कोमट पाण्याच्या बीकरमध्ये अर्धा तास ठेवा. बाहेरच्या पाण्यात आयोडीन टाकलं तर निळं होत नाही, पण साखर ओळखणारं बेनेडिक्ट द्रावण टाकून तापवलं की हिरवट ते विटकरी रंग येतो, कारण स्टार्च भोकातून जात नाही, माल्टोज जातं. उकळलेल्या लाळेची दुसरी ट्यूबही लावा. खऱ्या आतड्यात माल्टोज असं निसटत नाही, आधी त्याचं ग्लुकोज होतं आणि ते पेशी सोडियमच्या जोरावर आत ओढून घेतात, ट्यूबला ते जमत नाही. ट्यूब नाही म्हणून साधी प्लास्टिकची पिशवी वापरू नका, तिच्यातून आयोडीन जातं पण साखर नाही, आणि बेनेडिक्ट निळाच राहतो.