पित्त (कोकणातील रुग्णांची तक्रार)

‘माका पित्त झाला’ या कोकण किनाऱ्यावरील नेहमीच्या तक्रारीत आधुनिक वैद्यकाच्या दृष्टीने किमान तीन निरनिराळे आजार सामावतात: घशाशी येणारी आंबट जळजळ, उलटी होणारी डोकेदुखी आणि अंगावर उठणाऱ्या खाजऱ्या गांधी. आयुर्वेदात पित्त हा यकृतातून स्रवणाऱ्या पित्तरसापुरता मर्यादित नसून उष्ण व तीक्ष्ण गुणांचा, शरीरभर काम करणारा दोष आहे. पाचक पित्त जठरात व आतड्यांत, तर भ्राजक पित्त त्वचेत मानले जाते. त्यामुळे पोट आणि त्वचा यांच्या तक्रारींना रुग्णाने एकच नाव देणे त्या विचाराला धरूनच असते. डॉक्टरला मात्र त्यातील नेमकी कोणती तक्रार आहे, हे विचारूनच ठरवावे लागते.

आंबट-करपट ढेकर, छातीत व घशात जळजळ आणि मळमळ ही ‘माधवनिदान’ या ग्रंथातील अम्लपित्ताची लक्षणे असून ती आजच्या आम्लता, जठरदाह किंवा अन्ननलिकेत आम्ल उलटण्याच्या विकाराशी बऱ्याच अंशी जुळतात. ‘पित्त पडलं की डोकं उतरतं’ असे रुग्ण सांगू लागला, तर ती बहुधा अर्धशिशी असते. डोक्याची एक बाजू ठणकते, उजेड सहन होत नाही आणि हा त्रास 4 ते 72 तास टिकतो. उलटी हे त्या झटक्याचेच एक लक्षण असल्याने केवळ आम्लनाशक गोळ्यांनी ही डोकेदुखी थांबत नाही.

अंगावर उठणारे पित्त म्हणजे आयुर्वेदातील शीतपित्त. गांधीलमाशी चावल्यासारखे उठाव, खाज आणि थंड वाऱ्याचा संपर्क हे माधवनिदानातील वर्णन आजच्या अर्टिकेरियाशी चांगले जुळते. यातील प्रत्येक गांध साधारणतः चोवीस तासांच्या आत विरते आणि दुसरीकडे नवी उठते. एकाच जागी त्याहून जास्त काळ टिकणारी, दुखणारी किंवा मागे काळसर डाग ठेवणारी गांध रक्तवाहिन्यांच्या दाहाची असू शकते, म्हणून ती वेगळी तपासावी लागते. घरोघरी यावर आमसुलाचे पाणी प्यायला देतात आणि अंगालाही चोळतात. त्याने त्वचेला गारवा मिळतो. मात्र आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, वापरल्यास त्यातील मीठ रक्तदाबाच्या रुग्णाने लक्षात घ्यावे.

किनाऱ्यावर या तक्रारीला आणखी एक कारण असते आणि ते सहज निसटते. समजा, दुपारी बांगड्याचे तिखले जेवल्यावर अर्ध्या तासात एका बाईचा चेहरा व मान लालबुंद झाली, डोके ठणकू लागले, छाती धडधडू लागली आणि पोट बिघडले. घरच्यांनी ‘पित्त उसळलं’ म्हणून आमसूल दिले. येथे डॉक्टरने विचारायचे ते असे: मासा कधी आणला, बर्फात होता का, खाताना जिभेला चुरचुरले का आणि तोच मासा खाणाऱ्या इतरांना काही झाले का? सकाळपासून उन्हात फिरवलेला बांगडा आणि घरातील आणखी दोघांना तसाच त्रास, हे उत्तर मिळाले तर ही माशातील हिस्टॅमिनची विषबाधा समजावी. बांगडा, तारली, कुप्पा यांसारख्या माशांच्या मांसात हिस्टिडीन हे अमिनो आम्ल भरपूर असते. मासा पुरेसा थंड न राहिल्यास जिवाणू त्याचे हिस्टॅमिन बनवतात आणि एकदा बनलेले हिस्टॅमिन शिजवून, तळून किंवा आमसूल घालूनही जात नाही. त्रास हिस्टॅमिनविरोधी गोळीने आटोक्यात येतो आणि बहुतेकदा एका दिवसात ओसरतो. अशा बाईला ‘मासे वर्ज्य’ असे सांगण्याची गरज नसते. सांगायचे ते ताज्या, बर्फातल्या माशाबद्दल. याउलट तोच मासा खाऊन एकट्या तिलाच, तेही दरवेळी, गांधी उठत असतील तर ती ॲलर्जी होय आणि तेव्हा तो मासा खरोखरच सोडावा लागतो. दोन्ही प्रकारांत ओठ-जीभ सुजणे, आवाज घोगरा होणे, धाप लागणे किंवा भोवळ येणे यांपैकी काही दिसले, तर आमसुलात वेळ न घालवता रुग्णालय गाठावे. तीव्र ॲलर्जीत मांडीच्या स्नायूत ॲड्रेनलिनचे इंजेक्शन हा पहिला उपचार आहे.

पित्त या शब्दाआड सर्वांत घातक चूक हृदयविकाराची होते. मधुमेही किंवा वयस्क माणसाला छातीच्या मध्यभागी वा पोटाच्या वरच्या भागात जळजळ, त्यासोबत घाम, जबडा किंवा हात भरून येणे, घाटी चढताना त्रास वाढणे असे होत असेल, तर तिथे अम्लपित्त गृहीत धरता येत नाही. काहींना, विशेषतः मधुमेह्यांना, छातीत दुखतही नाही. केवळ मळमळ आणि अशक्तपणा जाणवतो. सोडा किंवा कोकम सरबत घेऊन बरे वाटले, यावरून हृदय सुरक्षित ठरत नाही. रुग्ण आल्यावर दहा मिनिटांत ईसीजी काढावा आणि पहिला ईसीजी सामान्य असला तरी लक्षणे चालू असतील, तर तो पुन्हा काढून रक्तातील ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यास वाढणारे प्रथिन, तपासावे.